बुक झालेल्या वेळा स्क्रीनवर रिकाम्या दिसतात. सॉफ्टवेअरवाल्यांना मेल कसा लिहू?

काउंटरवाली · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, रावपुऱ्याजवळ एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. डॉक्टर एकच. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८. फोनवरच्या अपॉइंटमेंट मी घालते, शिवाय पेशंट मोबाइलवरून स्वतःही घेतात.

गेल्या आठवड्यापासून दिलेल्या वेळा कॅलेंडरवर रिकाम्या दिसतायत आणि ऑनलाइन कोणीतरी तिसराच तिथे येऊन बसतो. काल शनिवारी तीनदा झालं. डभोईचे एक आजोबा, वेळ सव्वादहाची, मुलगा रजा टाकून सोबत आलेला. डोळ्यांत थेंब घातले की पुढचे काही तास सगळं धूसर दिसतं, त्यामुळे सोबत कोणी लागतंच. तेवढ्यात एक बाई मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "बेन, मारो दस ने वीसनो टाइम छे." दोघांचंही खरं होतं. खोटी पडले ती मी.

सॉफ्टवेअरवाल्यांना केलेला मेल खाली देते. मूळ हिंदीत होता, इथे मराठी केलाय.

> नमस्कार सर, अपॉइंटमेंट बुक असूनही स्लॉट फ्री दिसत आहेत. पेशंट भांडतात. लवकर दुरुस्त करा. अर्जंट आहे.

उत्तर आलं: "आमच्याकडे तपासले, व्यवस्थित दिसते. ब्राउझरची कॅश साफ करून पुन्हा लॉगिन करा." केलं. फरक शून्य. मग "अति अर्जंट" असं लिहून तोच मेल पुन्हा पाठवला, तर काही न बोलता तक्रार 'बंद' करून टाकली. आता सर मला विचारतात की तू नीट सांगितलंस का. काय लिहू म्हणजे ही माणसं ऐकतील?

---

अलकापुरीकर · रविवार, रात्री ९:५८

सोपं आहे. दोन जण एकाच क्षणी बटण दाबतात, दोघांनाही वेळ रिकामी दिसते आणि दोघांचीही नोंद होते. याला रेस कंडिशन म्हणतात. त्यांना एवढंच लिहा की डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

---

भाऊकाका_ग्वाल्हेर · रविवार, रात्री १०:१५

ताई, तुमच्या दवाखान्यांचं हे नेहमीचंच. मला मागच्या महिन्यात इथे ग्वाल्हेरला साडेअकराची वेळ दिली आणि आत सोडलं सव्वा वाजता. तिथल्या मुलीला विचारलं तर म्हणते, "सिस्टीममध्ये तसंच आहे, अंकल." वेळ पाळायचीच नसेल तर देता कशाला? आमच्या लष्कर भागातल्या जुन्या डॉक्टरांकडे पत्र्याचे बिल्ले होते. नंबर आला की आत. कधी भांडण झालं नाही.

---

काउंटरवाली · रविवार, रात्री १०:२२

काका, मी तीच "तिथली मुलगी" आहे हो. :) भांडण सोडवायलाच इथे आलेय.

---

खटपट्या · रविवार, रात्री १०:४७

ताई, मेलमध्ये राग कळतो, दोष कळत नाही. पलीकडचा माणूस स्वतःच्या चाचणीच्या दवाखान्यात एक अपॉइंटमेंट घालतो, ती नीट दिसते, आणि तो "व्यवस्थित आहे" असं लिहून मोकळा होतो. खोटं बोलत नाही तो. त्याला तुमचा शनिवार दिसतच नाही.

तीन गोष्टी सांगा.

एक, शनिवारी सकाळी खरोखर कुठल्या कुठल्या वेळा दिलेल्या होत्या? मिनिटांसकट. पेशंटची नावं नकोत.

दोन, जी वेळ कॅलेंडरवर रिकामी दिसते तिचा पेशंट इतर कुठे दिसतो का? दिवसाची यादी वगैरे असेल ना?

तीन, हे सुरू झालं त्याच्या आगेमागे काय बदललं?

---

काउंटरवाली · रविवार, रात्री ११:२०

शुक्रवारी संध्याकाळी घरी निघताना छापलेली यादी पर्समध्येच होती.

शनिवार सकाळ: १०:००, १०:१५, १०:४५, ११:००, ११:३०, ११:४५, १२:०० आणि १२:३०. एकूण आठ पेशंट. या आठही वेळा मी जुन्या घातलेल्या, बहुतेक महिन्यापूर्वी पुन्हा दाखवायला बोलावलेले.

म्हणजे 'आजचे पेशंट' या यादीत सगळे दिसतात. कॅलेंडरवर मात्र तीनच भरलेले: १०, ११ आणि १२. बाकी सगळं हिरवं. तासाच्या ठोक्याला असलेले तेवढे बरोबर, आधले-मधले गायब. आता लिहिताना लक्षात आलं, गंमतच आहे.

मग ऑनलाइन तिघांनी वेळा घेतल्या: १०:२०, ११:४० आणि १२:२०.

बदललं काहीच नाही. तोच कॉम्प्युटर, तेच नेट.

---

निशिगंधा_इंदूर · रविवार, रात्री ११:३१

मी इंदूरला दातांच्या दवाखान्यात आहे. आमच्याकडेही एकदा असाच घोळ झाला होता, पण तो आमच्याच चुकीने. कॉम्प्युटरची तारीख एक दिवस मागे गेली होती, त्यामुळे मी कालचं पान बघत होते. ताई, खाली कोपऱ्यातली तारीख बघितलीस का? आणि काहीही झालं तरी एक वही ठेव. मी अजून ठेवते. सर हसतात, हसू देत.

---

खटपट्या · रविवार, रात्री ११:४४

ताई, तुमच्या मेलमध्ये जायला हवं होतं ते वाक्य सापडलं: "तासाच्या ठोक्याला असलेले तेवढे बरोबर, आधले-मधले गायब."

जुन्या वेळा बघा. १०:१५, १०:४५, ११:३०, सगळ्या पंधराच्या पटीत. ऑनलाइनवाल्या बघा. १०:२०, ११:४०, १२:२०, सगळ्या वीसच्या पटीत. एका पेशंटला किती मिनिटं, हे कोणी बदललं का?

---

काउंटरवाली · रविवार, रात्री ११:५२

अगं बाई! हो. सोमवारी. सर म्हणाले, पंधरा मिनिटं पुरत नाहीत, वीस कर. दुपारी दोनच्या सुमाराला, सकाळची ओपीडी आटोपल्यावर मीच सेटिंगमध्ये जाऊन केलं. ते "बदललं" असं डोक्यातच आलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी प्रिंटर आणि नेटचाच विचार करत होते.

---

खटपट्या · सोमवार, सकाळी ७:१०

रात्री लिहिणार होतो, पण कागद घेऊन मांडून बघावंसं वाटलं.

वीस मिनिटं केल्यावर कॅलेंडर नव्याने आखलं जातं. १०:००, १०:२०, १०:४०, ११:०० असे सकाळचे नऊ चौकोन पडतात. मग प्रत्येक चौकोनासाठी प्रोग्राम डेटाबेसला विचारतो की या वेळेला कोणाची अपॉइंटमेंट सुरू होते का. १०:२० ला? नाही. म्हणजे रिकामं. डभोईचे आजोबा १०:१५ ला सुरू होऊन १०:३० पर्यंत आत असतात, पण त्यांच्याबद्दल कोणी विचारतच नाही, कारण १०:१५ नावाचा चौकोनच उरलेला नाही. पंधरा आणि वीस यांची गाठ दर साठ मिनिटांनी पडते. म्हणून १०, ११, १२ तेवढे दिसतात.

प्रश्न "सुरू होते का" असा नको, "या वीस मिनिटांत कोणी आत असतं का" असा हवा. मी कोड पाहिलेला नाही, पण दुखणं या जागी असणार.

```sql
-- आत्ता बहुधा असं आहे
WHERE doctor_id = :doctor_id AND start_at = :slot_start

-- असं हवं
WHERE doctor_id = :doctor_id
  AND start_at < :slot_end
  AND end_at   > :slot_start
```

(रद्द झालेल्या नोंदी दोन्हीकडे वगळायच्या, ते इथे लिहिलेलं नाही.)

दुसऱ्या प्रकाराने तुमचा शनिवार तपासला. १०:२० च्या चौकोनात आजोबा आहेत. १०:४० च्या चौकोनात १०:४५ वाले. ११:२० मध्ये ११:३० वाले. ११:४० मध्ये ११:३० आणि ११:४५ असे दोघं. १२:२० आणि १२:४० या दोन्हींत १२:३० वाले. स्क्रीनवर सहा जागा रिकाम्या होत्या, खरं तर एकही नव्हती.

---

काउंटरवाली · सोमवार, सकाळी ८:०५

एकही नाही कशी? आठ पेशंट गुणिले पंधरा म्हणजे दोन तास. सर तीन तास बसतात. एक तास गेला कुठे?

---

खटपट्या · सोमवार, सकाळी ८:२०

चांगला प्रश्न. तो तास आहे, पण तुकड्यांत. १०:३० ते १०:४५, ११:१५ ते ११:३०, १२:१५ ते १२:३० आणि १२:४५ ते १. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे, आणि वीस मिनिटांचा पेशंट एकातही मावत नाही. दुरुस्तीनंतर कॅलेंडर अचानक गच्च भरलेलं दिसेल आणि तुमचे सर म्हणतील, आता हे काय नवीन! त्यांना आधीच सांगून ठेवा. जुन्या अपॉइंटमेंट संपेपर्यंत असंच राहणार. नाहीतर फोन करून काहींना पाच-दहा मिनिटं सरकवावं लागेल.

---

अलकापुरीकर · सोमवार, सकाळी ९:०२

मान्य, चौकोनांचा मुद्दा बरोबर दिसतो. तरी युनिक इंडेक्स असता तर नोंद झालीच नसती. मूळ दोष तोच.

---

खटपट्या · सोमवार, सकाळी ९:३०

झाली असती. युनिक इंडेक्स म्हणतो की एकाच डॉक्टरची तीच सुरुवातीची वेळ दोनदा नको. १०:१५ आणि १०:२० त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वेळा. तो खुशाल दोन्ही घेईल. माझा अंदाज असा की त्यांच्याकडे तो इंडेक्स आहेच, आणि त्याच्याच भरवशावर ते "दुहेरी बुकिंग शक्य नाही" असं समजून बसलेत.

आणि रेस म्हणाल तर दोन नोंदी सेकंदाच्या आतबाहेर व्हायला हव्यात. इथे आजोबांची महिनाभर जुनी आहे, त्या बाईंची गेल्या आठवड्यातली. एवढी लांब शर्यत नसते.

पोस्टग्रेसवाले असतील तर काळाचे दोन तुकडे एकमेकांवर चढू नयेत अशी अट थेट टेबलवर घालता येते.

```sql
EXCLUDE USING gist (
  doctor_id WITH =,
  tsrange(start_at, end_at) WITH &&
)
```

`btree_gist` हे एक्स्टेंशन लागतं. यात १०:३० ला संपणारा आणि १०:३० ला सुरू होणारा भांडत नाहीत, कारण शेवटचं टोक मोजलं जात नाही. रद्द झालेल्या नोंदी इथेही `WHERE` घालून वगळाव्या लागतात, नाहीतर रद्द केलेली वेळ पुन्हा कोणालाच देता येणार नाही.

---

उंबरठा · सोमवार, सकाळी १०:११

मायएसक्यूएल असेल तर ही सोय नाही. तिथे आम्ही बुकिंगच्या व्यवहारात आधी त्या डॉक्टरची ओळ `SELECT ... FOR UPDATE` ने अडकवून ठेवतो, मग कोणी आत आहे का ते तपासतो, मग नोंद घालतो. एका डॉक्टरच्या दवाखान्यात तेवढी रांग कोणाला जाणवत नाही.

माझी शंका वेगळी आहे. त्यांच्या टेबलात `end_at` आहे तरी का? मी पाहिलेल्या दोन जुन्या सिस्टीममध्ये फक्त सुरुवात साठवलेली होती. शेवट काढायचा तर सुरुवात अधिक सेटिंगमधली मिनिटं.

---

खटपट्या · सोमवार, सकाळी १०:४०

उंबरठा, अगदी मोक्याची शंका. तसं असेल तर दुरुस्ती केल्या केल्या नवीन गोंधळ होईल. जुन्या सगळ्या पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंट वीसच्या धरल्या जातील. मग १०:०० वाला १०:२० पर्यंत बसणार आणि आजोबांवर चढणार. १०:४५ वाला ११:०५ पर्यंत जाऊन ११ च्या अंगावर. ११:३०, ११:४५ आणि १२:०० एकमेकांत अडकणार. मूळ यादीत एकही टक्कर नसताना चार दिसतील, आणि वरची अट टेबलवर बसणारच नाही.

शेवटची वेळ बुकिंग करतानाच लिहून ठेवायला हवी. सेटिंग पुढे बदललं तरी दिलेली वेळ बदलता कामा नये.

ताई, म्हणून "सोमवारी दुपारी दोनच्या सुमाराला बदललं" हे मेलमध्ये घालाच. कुठल्या नोंदींना पंधरा आणि कुठल्या नोंदींना वीस, ते त्यांना त्याच्यावरूनच ठरवता येईल.

---

निशिगंधा_इंदूर · सोमवार, दुपारी १:३०

हे सगळं होईल तेव्हा होईल, उद्या सकाळी तिने काय करायचं? मी तिच्या जागी असते तर परत पंधरा करून टाकले असते.

---

खटपट्या · सोमवार, दुपारी १:५५

पंधरा केले की जुने दिसू लागतील, पण आठवडाभरात वीसच्या आखणीत घेतलेले १०:२०, ११:४० वगैरे गायब होतील. भूत या घरातून त्या घरात.

पाच मिनिटं केली तर? पंधरा आणि वीस दोन्हींना पाचने भाग जातो, त्यामुळे प्रत्येक अपॉइंटमेंटची सुरुवात दिसेल. नवीन कोणाला घालण्यापूर्वी नजर टाकायला हे बरं. पण १०:१५ चा चौकोन भरलेला आणि १०:२०, १०:२५ हिरवे, असं दिसणार, आणि ऑनलाइन लोक तिथेही घुसतील. म्हणून पाच करायचेच तर आधी ऑनलाइन बुकिंग बंद. आणि तेवढ्या काळात पाच मिनिटांच्या चौकोनात नवीन नोंद घालू नका, तिचा शेवट काय लागेल देव जाणे. नवीन फोन आले तर निशिगंधाताईंची वही.

---

निशिगंधा_इंदूर · सोमवार, दुपारी २:०१

बघा! वही.

---

काउंटरवाली · सोमवार, दुपारी ३:१०

ऑनलाइन बंद केलं. सर कुरकुरले, पण शनिवारचं भांडण त्यांनीही ऐकलं होतं. मेल लिहिलाय, बघा बरं.

> विषय: पेशंटची मिनिटे १५ वरून २० केल्यापासून जुन्या अपॉइंटमेंट कॅलेंडरवर रिकाम्या दिसतात
>
> नमस्कार,
> गेल्या सोमवारी दुपारी २ च्या सुमाराला आम्ही सेटिंगमध्ये एका पेशंटची वेळ १५ मिनिटांवरून २० मिनिटे केली. त्याआधी घेतलेल्या अपॉइंटमेंट 'आजचे पेशंट' यादीत दिसतात, पण कॅलेंडरवर आणि ऑनलाइन बुकिंगमध्ये त्या वेळा रिकाम्या दिसतात.
> उदाहरण, शनिवार सकाळ. यादीत: १०:००, १०:१५, १०:४५, ११:००, ११:३०, ११:४५, १२:००, १२:३०. कॅलेंडरवर भरलेल्या: फक्त १०:००, ११:०० आणि १२:००. बाकी रिकाम्या दिसल्यामुळे १०:२०, ११:४० आणि १२:२० या वेळा ऑनलाइन दिल्या गेल्या आणि तिन्ही जुन्या पेशंटशी धडकल्या.
> तुमच्याकडे बघायचे असल्यास: १५ मिनिटे ठेवून १०:१५ ची अपॉइंटमेंट घाला, मग २० मिनिटे करा, मग कॅलेंडर उघडा.
> यादी आणि कॅलेंडर या दोन्हींचे फोटो जोडले आहेत, नावे झाकली आहेत.
> एक विचारायचे आहे: अपॉइंटमेंटची संपायची वेळ तुम्ही साठवता, की आत्ताच्या सेटिंगवरून काढता?
> सध्या आम्ही ऑनलाइन बुकिंग बंद ठेवले आहे.

"अर्जंट" लिहू का?

---

खटपट्या · सोमवार, दुपारी ३:२५

नको. "ऑनलाइन बुकिंग बंद ठेवले आहे" यातच ते आलं. "तुमच्याकडे बघायचे असल्यास" या परिच्छेदासाठी तुम्हाला माझ्याकडून एक चहा.

एक ओळ वाढवा: "जुन्या अपॉइंटमेंट होऊन गेल्या की हे आपोआप दिसेनासे होईल." तीन-चार आठवड्यांत तुमच्याकडे सगळे वीसवालेच उरतील आणि कॅलेंडर एकदम शहाणं वागायला लागेल. आधी सांगितलं नाही तर ते "आता दिसत नाही" म्हणून फाइल बंद करतील, आणि सरांनी पुन्हा कधी पंचवीस मिनिटं केली की पहिल्यापासून सुरू.

---

अलकापुरीकर · सोमवार, दुपारी ४:००

विषयाच्या ओळीत "१५ वरून २०" आहे ते छान. मी असतो तर इंडेक्सचंही लिहिलं असतं.

---

उंबरठा · सोमवार, दुपारी ४:०६

इलाज त्यांनी शोधावा. आपण लक्षणं सांगावीत. (आणि वर एवढा कोड लिहून ठेवलाय, तो दाखवू नका, रुसतील.)

---

काउंटरवाली · बुधवार, रात्री ९:१५

उत्तर आलं! पहिल्यांदाच माणसाने लिहिल्यासारखं. त्यांच्याकडे तसंच करून पाहिलं आणि दिसलं. संपायची वेळ साठवत नव्हते. आता सोमवारी दुपारी दोनच्या आधी बनलेल्या नोंदींना १५ आणि नंतरच्यांना २० मिनिटं लावून शुक्रवारी रात्री बदल चढवणार आहेत. ज्यांच्या वेळा आधीच धडकल्यात त्यांची यादी पाठवलीय, कोणाला सरकवायचं ते आम्हीच ठरवायचं. येत्या दहा दिवसांत तसे अकरा जण आहेत. उद्या सकाळी फोनच फोन.

पण एक सुटत नाहीये. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी ६:०० ला दोघं आले होते. दोघांचीही वेळ बरोबर ६:००. हे तर तासाच्या ठोक्याला आहे, मग ते दिसायला हवं होतं ना?

---

अलकापुरीकर · बुधवार, रात्री ९:२०

रेस कंडिशन!! मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो?

---

खटपट्या · बुधवार, रात्री ९:४८

या वेळी तुमचं बरोबर असू शकतं. आणि मग "इंडेक्स आहेच" हा माझा अंदाज चुकला, कारण तीच वेळ दोनदा गेलीय. ताई, दोन्ही नोंदी कधी केल्या गेल्या ते दिसतं का? आणि त्यांच्यातल्या एकीला नंतर कोणी हात लावला होता का?

---

काउंटरवाली · गुरुवार, दुपारी १:४०

एक मी एका आजींसाठी फोनवर घातलेली, त्याच दिवशी सकाळी ११:०२ ला. दुसरी ऑनलाइन, दुपारी ४:४७ ला. म्हणजे पावणेसहा तासांचं अंतर.

हात लावला होता. त्या आजींनी साडेचारला फोन करून रद्द करायला सांगितलं, मी केलं. नंतर पुन्हा फोन, "बेटा, राहू दे, येते मी." तेव्हा मी त्याच नोंदीत 'रद्द' चं 'नक्की' केलं. किती वाजता ते नोंदीत दिसत नाही. पाच वाजायच्या आत, एवढं आठवतं.

---

खटपट्या · गुरुवार, दुपारी २:१५

मग मधल्या काळात ऑनलाइनवाल्याने ती वेळ घेतली असेल आणि 'नक्की' करताना जागा अजून रिकामी आहे का हे कोणी विचारलं नसेल. इंडेक्स रद्द नोंदी सोडून लावलेला असता तर त्याने इथे अडवलं असतं, तेव्हा अलकापुरीकरांच्या इंडेक्सला इथे जागा आहे, रेस मात्र नाही. किंवा 'नक्की' आधी झालं आणि ऑनलाइनच्या पानाला ते कळलंच नाही. यातलं कुठलं, ते इथून सांगता येणार नाही. वेगळा मेल करा, आधीच्या मेलला चिकटवू नका. नाहीतर पहिलं दुरुस्त झालं की दोन्ही बंद होतील.

---

भाऊकाका_ग्वाल्हेर · गुरुवार, दुपारी ३:०५

ताई, आधी रागावून लिहिलं ते सोडून द्या. त्या ६ च्या आजींना मग आत आधी सोडलं की नंतर?

---

काउंटरवाली · गुरुवार, संध्याकाळी ४:२०

आधी सोडलं काका. दुसरा तरुण होता, चष्म्याचा नंबरच काढायचा होता, हसून बसला.

दुसरा मेल आत्ताच टाकला:

> विषय: रद्द केलेली अपॉइंटमेंट पुन्हा 'नक्की' केल्यावर त्याच वेळेला दोन पेशंट (आधीच्या मेलपेक्षा वेगळी अडचण)
>
> नमस्कार,
> गेल्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी ६:०० ला दोन नोंदी आहेत. पहिली सकाळी ११:०२ ला केलेली, ४:३० च्या सुमाराला रद्द, ५ च्या आत त्याच नोंदीत पुन्हा 'नक्की'. दुसरी ऑनलाइन, ४:४७ ला. पुन्हा 'नक्की' नेमके किती वाजता केले ते आमच्या स्क्रीनवर दिसत नाही. तुमच्याकडे दिसत असेल तर कृपया कळवा: ४:४७ च्या आधी की नंतर?